साडी गार्ड काढा, गाडी खुलवा

नवी मोटारसायकल दारात आली, हार-नारळ झाला, चाकाखाली लिंबू चिरडलं. आता पाना घ्या आणि मागच्या चाकाच्या डाव्या बाजूची ती जाळी खोला. तिच्यामुळे गाडी दूधवाल्याची वाटते, आणि आपण तर तिचा फोटो टाकणार आहोत. जाळी फेकू मात्र नका. माळ्यावर ठेवा, विकताना गिऱ्हाईक विचारतं.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १२३ आडवा येईल, त्याकडे लक्ष देऊ नका. मागे बसायची सोय असलेल्या मोटारसायकलला चालकाच्या सीटच्या बाजूला किंवा मागे धरायची कायमची पकड हवी, फूटरेस्ट हवं आणि मागचं चाक निदान निम्मं झाकेल असं संरक्षण हवं, असं तो म्हणतो. कारणही तिथेच दिलंय : मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत. लिहिणाऱ्यांनी बहुधा आपल्या मावशीला मागे बसलेलं पाहिलं असावं.

आता मावशीला बसवा. ती एका बाजूला, पाय डावीकडे सोडून बसणार. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांची चेनही डावीकडेच असते, त्यामुळे पदर आणि चेन यांची भेट सोपी होते. वेग ताशी ४० ठेवा, म्हणजे सेकंदाला साधारण ११ मीटर. टायरसकट चाकाचा घेर दोन मीटरच्या आसपास धरला, तर ते सेकंदाला साधारण सहा फेरे मारतं. पदराचं टोक मागच्या दातेरी चक्रात गेलं, तर एका फेऱ्यात अंदाजे अर्धा मीटर कापड गुंडाळलं जातं, म्हणजे सेकंदाला तीन मीटर. लोंबणारा मीटरभर पदर संपायला सेकंदाचा तिसरा हिस्सा पुरतो. "अहो थांबा!" हे शब्द तुमच्या कानात पोचून पाय ब्रेकवर जायला एक सेकंद सहज जातो. तोवर पदर खांद्यावरून खेचला जाऊन मावशी मागच्या मागे पडलेली असते. ओढणीचा प्रकार आणखी सोयीचा. ती गळ्याला असते, त्यामुळे आधी गळाच आवळला जातो.

"आमच्या गाडीला अलॉय व्हील आहेत, ताराच नाहीत," असं ठणकावून सांगा. दातेरी चक्र तरीही तिथेच असतं आणि अलॉयच्या जाड दांड्यांमधली फट तारांपेक्षा मोठी असते, हे कोण बघतंय? लहान मुलांच्या टाचाही तिथे आत जातात. अशा जखमा घेऊन आलेली मुलं अस्थिरोग डॉक्टरांना नवीन नाहीत.

जाळी काढवत नसेल तर निदान ढिली ठेवा. ती सांगाड्याला जोडलेली असते आणि चाक सस्पेन्शनवर खालीवर होतं, म्हणून एक नट गळाला की ती थरथरते, मग वाकून टायरला घासू लागते. कुणाला मागे बसवून गाडी दाबली की घासल्याचा आवाज येतो. पण ऐकायचाच कशाला? गाणी मोठ्याने लावा. शिवाय जाळी डावीकडेच असते. उजवीकडे लोंबणाऱ्या ओढणीला ती काहीच करत नाही, तेव्हा बसताना पदर खोचायला सांगून मावशीचा अपमान करू नका.

साडी गार्डबरोबर आलेलं पाय टेकवायचं रुंद पातंही जाऊ द्या. एका बाजूला बसणाऱ्याचे दोन्ही पाय डावीकडेच असतात आणि तिथल्या एकट्या दांडीवर दोन टाचा नीट मावत नाहीत. पण ते मावशीच्या मांड्यांना कळेल, तुम्हाला नाही.

मागचं हँडलही लगेच काढा, शेपटीचा आकार झाकला जातो. डावीकडे तोंड करून बसलेल्या माणसाचा उजवा हात तुमच्या खांद्यावर येतो, डावा मागे जातो. सिग्नल सुटल्यावर तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर पिळलात की ती मागे कलणार, आणि डाव्या हाताला धरायला हवा लागेल. हवा मोफत आहे.

लेग गार्डचं नाव नियम १२३ मध्ये नाही, म्हणून तो काढताना तर कायदाही आड येत नाही. गाडी आडवी पडली की हा पुढचा दांडा टेकून तिला जरा उचलून धरतो आणि पाय इंजिनखाली चिरडत नाही. काम करतो तो संथ वेगात, घसरल्यावर. समोरून धडक बसली तर त्याच्याकडून फार अपेक्षा नको. तेवढं कारण पुरेसं आहे, काढून टाका.

फोटो टाकताना मावशीला मागे बसवू नका. पदर सांभाळत बसलेलं माणूस फ्रेममध्ये बरं दिसत नाही.