‘मॅनेजमेंट कोट्यातली सीट’ विकणाऱ्या एजंटचा हिशेब

नीटचा निकाल लागला की पालकांचे फोन वाजायला लागतात. मुलाचं नाव, मार्क, कॅटेगरी सगळं पलीकडच्या माणसाला आधीच माहीत असतं. ‘एमबीबीएसची एक सीट मॅनेजमेंट कोट्यात अडवून ठेवलीय, लिस्टमध्ये दिसणार नाही, पाच लाख टोकन, बाकीचे काम झाल्यावर. काम नाही झालं तर पैसे परत.’ या शेवटच्या वाक्यावर माणूस विरघळतो. काम झालं नाही तर पैसे परत देणारा माणूस फसवेल कसा, असं वाटतं. पण सगळा धंदाच त्या वाक्यावर उभा आहे.

समजा एजंटने वीस मुलांकडून पाच-पाच लाख घेतले. एक कोटी जमले. मुलं त्याने अशीच निवडली, की ज्यांची रँक गेल्या वर्षीच्या शेवटच्या फेरीतल्या कट-ऑफच्या आसपास आहे. ती यादी सीईटी सेलच्या वेबसाइटवर कुणालाही फुकट मिळते. यातल्या सात मुलांना स्वतःच्याच रँकवर कुठे ना कुठे सीट लागते. हा त्यांच्याकडून उरलेले पंधरा-पंधरा लाख घेतो. तेरा जणांचं काही होत नाही, त्यांचे पासष्ट लाख तो खरोखर परत करतो. एक कोटी अधिक एक कोटी पाच लाख, वजा पासष्ट लाख. हातात राहिले एक कोटी चाळीस लाख, आणि सीटसाठी त्याने कुठल्या कॉलेजला एक फोनसुद्धा केलेला नाही. तक्रार करणारा कुणी नाही, उलट सात घरं त्याची जाहिरात करत फिरतात. हा ‘प्रामाणिक’ एजंट. तेरा जणांचे पैसे बुडवणारा त्याच्या पुढचा.

आता यात गुप्त काय आहे ते बघू. महाराष्ट्रातल्या खासगी विनाअनुदानित मेडिकल कॉलेजात ८५ टक्के जागा राज्याच्या मेरिटवर आणि १५ टक्के संस्थात्मक कोट्यात भरतात. एनआरआय त्याच पंधरा टक्क्यांत येतात. या जागाही सीईटी सेलच्या कॅप फेऱ्यांतूनच, नीटच्या रँकने भरतात. अभिमत विद्यापीठांच्या सगळ्या जागा दिल्लीची मेडिकल काउन्सेलिंग कमिटी, म्हणजे एमसीसी भरते, पत्ता mcc.nic.in. तिथे मॅनेजमेंट कोटा नावासकट पर्यायांच्या यादीत दिसतो. नोंदणी फी ५,००० रुपये, अनामत २ लाख. नीटमध्ये पात्र ठरलेला कुणीही तो पर्याय भरू शकतो. फी प्रचंड असते, म्हणून खूप घरं तो भरतच नाहीत, आणि म्हणूनच शेवटच्या फेऱ्यांत तिथली रँक बरीच खाली येते. एजंट नेमकं हेच विकतो: तुम्ही न भरलेला पर्याय तो तुमच्या फॉर्ममध्ये भरतो.

मग लोकांचा विश्वास बसतो कशामुळे? कारण ही दंतकथा निराधार नाही. पूर्वी खासगी कॉलेजं स्वतःच्या परीक्षा घेत, आणि नीटनंतरही काही वर्षं शेवटच्या रिकाम्या जागा कॉलेज पातळीवर भरायची सोय होती. एका जागेमागे दहा नावांची यादी यायची आणि शेवटच्या दिवशी कॉलेजच्या ऑफिसात काय काय घडायचं, हे ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको. ती फट आता ऑनलाइन स्ट्रे राउंडने, म्हणजे उरलेल्या जागांच्या शेवटच्या फेरीने बुजवली आहे. ज्याच्या काकाच्या मुलाचं तेव्हा ‘झालं’, तो आजही तेच सांगतो.

आणि समजा एखाद्या कॉलेजने खरंच परस्पर प्रवेश दिला तर? तीही गोष्ट होऊन गेलीय. उत्तर प्रदेशातल्या एका खासगी मेडिकल कॉलेजने २०१६-१७ मध्ये केंद्रीय काउन्सेलिंग डावलून ६७ मुलं घेतली. त्यांना काढून टाकायचा आदेश आला, प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, आणि २०२१ मध्ये कोर्टाने प्रवेश बेकायदाच ठरवले. मुलं शिकत होती, फी भरली होती, याचा उपयोग झाला नाही.

पैशांपेक्षा मोठा धोका लॉगिनचा आहे. ‘फॉर्म आम्हीच भरतो, पासवर्ड द्या’ म्हणत मोबाइल नंबर आणि ईमेलही त्याचाच घालतात. ओटीपी त्याच्याकडे जातो. मग कुठल्या फेरीत कुठली सीट लागली हे तुम्हाला तो सांगेल तेव्हा कळतं. दुसऱ्या फेरीत चांगलं कॉलेज लागलं आणि त्याने हजर राहायची मुदत निघून जाऊ दिली, तर तुम्हाला पत्ताही नसतो. स्ट्रे राउंडमध्ये तर सीट लागून न घेतल्यास अनामत जाते आणि पुढच्या वर्षीच्या नीटला बसायलाही बंदी येऊ शकते. पर्यायांचा क्रम त्याच्या सोयीने लावलेला असेल, तर मुलाचं वर्ष गेलं. दहावी-बारावीची मूळ मार्कशीट ‘व्हेरिफिकेशनला’ म्हणून ठेवून घेणं हा त्यातलाच प्रकार. पैसे परत मागितले की कागद अडकतात.

बनावट ॲलॉटमेंट लेटर ओळखायला पाच मिनिटं पुरतात. खरं पत्र उमेदवाराच्या स्वतःच्या लॉगिनमधून डाउनलोड होतं, व्हॉट्सॲपवर पीडीएफ येत नाही. त्या फेरीची निवड यादी वेबसाइटवर असते, त्यात मुलाची रँक शोधा. यादीत नाव नाही तर लेटर कितीही शिक्क्यांचं असो, कागदच तो. ‘डीनशी भेट’ कॅम्पसमधल्या कँटीनमध्ये किंवा जवळच्या हॉटेलात ठरवली तर समजून जा. खऱ्या डीनला केबिन असते!

इंजिनीअरिंगचं थोडं वेगळं आहे. तिथे संस्था पातळीवरचा कोटा खरा आहे आणि कॉलेज स्वतः अर्ज घेतं. पण त्यालाही जाहिरात लागते, मेरिट यादी लावावी लागते आणि प्रवेशाला प्रवेश नियामक प्राधिकरणाची मान्यता लागते. कॉलेजनिहाय फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या वेबसाइटवर असते. त्याच्या वर रोख मागणं १९८७ च्या कॅपिटेशन फी बंदी कायद्याने गुन्हा आहे, पावती मिळाली तरी आणि नाही मिळाली तरी. मागणी असलेल्या शाखेसाठी काही कॉलेजात टेबलाखालून घेतलं जातं, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण एजंट त्यातला बहुधा कुणी नसतो. तुम्ही थेट जाऊन दिला असता तोच अर्ज तो देतो.

पैसे गेलेच असतील तर ‘रोख दिले, आपणच अडकू’ या भीतीने गप्प बसू नका. एजंटची सगळी भिस्त त्या भीतीवर असते. दोन लाख किंवा जास्त रोख एका व्यवहारात घेतल्याचा आयकराचा दंड घेणाऱ्यावर बसतो. तुम्हाला पैसे कुठून आणले ते सांगावं लागेल, म्हणून बँकेतून काढल्याची नोंद, सोनं मोडल्याची पावती, कर्जाचे कागद शोधून ठेवा. चॅट पुसू नका, त्यातले फोन नंबर आणि तारखा लिहून काढा आणि पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेत लेखी अर्ज द्या. ऑनलाइन पाठवले असतील तर आधी १९३० ला फोन, कारण खात्यातली रक्कम गोठवायला पहिले काही तासच हातात असतात.

त्याने ‘सिक्युरिटी’ म्हणून दिलेला चेक असेल तर त्यावरची तारीख बघा. त्या तारखेपासून तीन महिन्यांत तो बँकेत टाकावा लागतो. वटला नाही तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून तीस दिवसांत वकिलामार्फत नोटीस, नोटीस पोचल्यावर त्याला पंधरा दिवस, आणि नंतर महिन्याभरात कोर्टात तक्रार. व्यवहारच बेकायदा होता असा बचाव तो घेईल, त्यामुळे फक्त चेकवर विसंबू नका, फसवणुकीची पोलीस तक्रारही सोबत चालू ठेवा. आणि ‘आठवडाभर थांबा, पैसे येतायत’ असं तो तीन महिने सांगत राहिला, तर चेकची मुदत संपवण्यासाठीच सांगतोय, असं समजा.