ह्युएन त्संगच्या आधी आणि नंतर

“ह्युएन त्संग भारतातून मूळ पोथ्या घेऊन गेला, तेव्हा कुठे चीनला खरा बौद्ध धर्म कळला. आधीची भाषांतरं चुकीची होती, ती मागे पडली. चिनी पंथ म्हणजे भारतीय विचारच, फक्त चिनी लिपीत.”

असं बरेचदा ऐकू येतं. आधी तारखा बघू. पार्थियाचा भिक्षू आन शिगाव इ.स. १४८च्या सुमारास लुओयांगला पोचला आणि तिथे भाषांतरं करू लागला. ह्युएन त्संग परतला ६४५ मध्ये. मधली जवळपास पाचशे वर्षं रिकामी नव्हती. आपल्याला ह्युएन त्संग पुलकेशीच्या धड्यातून भेटतो, म्हणून तोच पहिला वाटतो, एवढंच. आणि मागे पडलं कोण? चीनमध्ये आजही सद्धर्मपुंडरीक आणि वज्रच्छेदिका ही महायान सूत्रं म्हटली जातात ती कुमारजीवाच्या भाषांतरात. मध्य आशियातल्या कूचाचा हा भिक्षू ४०१च्या अखेरीस चांगआनला आला आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत त्याने ही कामं हातावेगळी केली. वज्रच्छेदिकेचं भाषांतर ह्युएन त्संगनेही केलं होतं, पण पाठांतरात राहिलं जुनंच. हृदयसूत्र मात्र त्याच्या नावावरचंच चालतं, हे मान्य करायला हवं.

‘चुकीची’ या शब्दाबद्दल. करुणेचा बोधिसत्त्व अवलोकितेश्वर, त्याचं लोकांच्या तोंडी असलेलं नाव ग्वानयिन, म्हणजे आवाज न्याहाळणारा. ह्युएन त्संगने ते चूक ठरवलं. शब्दात ‘ईश्वर’ आहे, ‘स्वर’ नाही, असं म्हणून त्याने ‘ग्वान्झझाय’ हे नाव घातलं. त्याच्या पोथीपुरतं ते बरोबरच होतं. पण मध्य आशियात सद्धर्मपुंडरीकाच्या जुन्या पोथ्यांचे तुकडे सापडले, त्यांत नाव आहे ‘अवलोकितस्वर’. जुन्या भाषांतरकारांसमोर पाठच वेगळा होता. सगळीच जुनी भाषांतरं इतकी चोख होती असं नाही. निर्वाणाला ताओ परंपरेतला ‘वूवेइ’, म्हणजे ‘न करणं’, हा शब्द लावणारेही होते. पण असल्या जुळवाजुळवीवर चौथ्या शतकात दाओ-आन नावाच्या चिनी भिक्षूनेच बोट ठेवलं होतं. त्यासाठी ह्युएन त्संगची वाट बघावी लागली नाही.

आता ‘फक्त चिनी लिपीत’. याला एकच श्लोक पुरे. शून्यतेचा भारतीय तत्त्वज्ञ नागार्जुन, त्याच्या मूलमध्यमककारिकेच्या २४व्या प्रकरणातला १८वा:

यः प्रतीत्यसमुत्पादः शून्यतां तां प्रचक्ष्महे।
सा प्रज्ञप्तिरुपादाय प्रतिपत्सैव मध्यमा॥

शाळेतल्या संस्कृतावरही अन्वय लागतो. प्रतीत्यसमुत्पादाला, म्हणजे कारणांच्या आधाराने उपजण्यालाच, आम्ही शून्यता म्हणतो. ‘सा’ म्हणजे ती शून्यता, असा अन्वय सहसा लावतात. तीही कशाच्या तरी आधाराने दिलेलं नावच, आणि तीच मध्यमा प्रतिपद, म्हणजे मध्यम मार्ग. बोट एकातून दुसऱ्याकडे सरकत जातं.

कुमारजीवाने ४०९ मध्ये हे चिनीत आणलं. चिनीत लिंग नाही, विभक्ती नाही, त्यामुळे ‘सा’ कुणाकडे बोट दाखवते हे शब्दावरून कळायची सोय नाही. शिवाय कर्ताच बदलला. वाक्य असं झालं: कारणांपासून उपजलेल्या वस्तू, त्या शून्य आहेत असं मी म्हणतो, त्या नाममात्रही आहेत, आणि हाच मध्यम मार्गाचा अर्थही. ‘यी’, म्हणजे आपला ‘-ही’, दोनदा आला, आणि साखळीच्या जागी एकाच कर्त्याची तीन विधेयं ओळीने उभी राहिली.

दीडशेहून अधिक वर्षांनी चिनी भिक्षू झियी (५३८–५९७) हा श्लोक वाचतो. त्याला संस्कृत येत नव्हतं, त्याच्यासमोर फक्त चिनी ओळी. त्याने त्यांतून तीन सत्यं काढली: शून्य, नाममात्र आणि मध्य. तिन्ही एकदम खरी, एकाच चित्तक्षणात पाहायची. झियीच्या तियानताई या चिनी पंथाचा हा कणा. आणि नागार्जुन? त्याच प्रकरणात दहा श्लोक आधी तो स्पष्ट सांगतो, बुद्धांची देशना दोन सत्यांवर उभी आहे, एक व्यवहारातलं आणि एक परमार्थाचं. तिसरं सत्य त्याच्याकडे नाही. सगळं त्या ‘-ही’मुळे झालं असं मात्र म्हणवत नाही. ‘तीन सत्यं’ हा शब्दप्रयोग झियीला दुसऱ्या दोन सूत्रांतही मिळाला होता. गंमत अशी की ती सूत्रंही बहुधा चीनमध्येच रचलेली.

झियी चुकला असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. समोरच्या मजकुरातून निघणारा अर्थच त्याने काढला, आणि त्यावर बांधलेली इमारत भक्कम निघाली.

राहिला ह्युएन त्संग. सगळं चित्तातच आहे असं मानणाऱ्या त्याच्या परंपरेचा मुख्य ग्रंथ, विज्ञप्तिमात्रतासिद्धी, ६५९ मध्ये तयार झाला. भारतीय आचार्य वसुबंधूच्या त्रिंशिकेवरच्या दहा टीका एकत्र गुंफून, त्यांतल्या धर्मपाल या टीकाकाराच्या मताला झुकतं माप देऊन तो केलेला आहे, आणि तसं करायचा आग्रह शिष्य क्वेइजीचा होता. म्हणजे ‘मूळ पोथी’ म्हणावी तर तीही चीनमधल्या मेजावर बेतलेली. त्यात या परंपरेचं मत असं की काही जीवांना बुद्धत्व कधीच मिळणार नाही. चिनी वाचकांनी महापरिनिर्वाणसूत्राच्या ४२१च्या भाषांतरात आधीच वाचून ठेवलं होतं की बुद्धत्वाचं बीज सर्वांत आहे. त्या श्रोत्यांना हे कसं रुचावं? चीनमध्ये हा पंथ काही पिढ्यांतच ओसरला. तो टिकला जपानात, नारा शहरातल्या कोफुकुजी आणि याकुशिजी या मठांत.