शुभेच्छुक : एक होतकरू उमेदवार

शेवटचा राउंड होऊन आठवडा उलटला. 'कळवते' म्हणून गेलेल्या एचआर मॅडम त्या गेल्याच, आणि आता दिवाळी तोंडावर आली. म्हणजे शुभेच्छा पाठवायलाच हव्यात. कशा, ते नीट ऐका.

मुहूर्त नरकचतुर्दशीचा, पहाटे पाचचा. मॅडम अंगाला उटणं लावून बसलेल्या असताना फोन वाजला, की तुमची चिकाटी त्यांच्या मनावर कायमची कोरली जाते. काही अरसिक लोक सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी, ऑफिसच्या वेळेत पाठवतात. तेव्हा मॅडम कामाच्याच फोनवर असतात, मेसेज वाचतातही. त्यात कसली गंमत?

मजकूर स्वतः लिहू नका. फिरणाऱ्या समया आणि खाली 'शुभेच्छुक : समस्त मित्रपरिवार' असलेलं चित्र निवडा. वर 'अनेक वेळा फॉरवर्ड केलेला' अशी पाटी दिसली तर उत्तमच, माल लोकप्रिय असल्याची ती पावती. आपलं नाव, कुठल्या जागेसाठी मुलाखत दिली, हे मुळीच सांगू नका. मॅडमनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नसणारच. त्यांनाही सणासुदीला थोडं डोकं चालवू द्या. ब्रॉडकास्ट लिस्टमधून पाठवलंत तर आणखी बरं. ज्यांच्याकडे तुमचा नंबर सेव्ह नसतो त्यांना ते पोचतच नाही, त्यामुळे उटण्याचाही खोळंबा टळतो.

शेवटी मुद्द्याची ओळ : 'ही दिवाळी आपणास सुखसमृद्धीची जावो. ऑफर लेटरचं काय झालं?' इथेच आपला फराळ बेसनाच्या लाडवावरून थेट कारल्यावर येतो, पण तुम्ही डगमगू नका. मॅनेजर गावाला गेलेत, पगाराच्या आकड्यावर वरची सही बाकी आहे, दुसऱ्या उमेदवाराचा राउंड व्हायचाय, यातलं काहीच मॅडमच्या हातात नसतं. म्हणून तर विचारायचं. सणाच्या दिवशी कोणाला तरी ओशाळं करण्याचा आनंद वेगळाच.

ओळखीतल्या एका मुलीने मात्र हे सगळं वाया घालवलं. मुलाखतीची तारीख ज्या मेलमध्ये ठरली होती, त्यालाच तिने उत्तर दिलं : 'मॅडम, तुम्हाला आणि घरच्यांना दिवाळीच्या शुभेच्छा. गेल्या मंगळवारी टेस्टिंगच्या जागेसाठी बोलणं झालं, छान वाटलं.' संपलं. प्रश्न नाही, समई नाही. नाव आणि जागा मेलमध्ये वरच होती, त्यामुळे मॅडमना शोधाशोधही करावी लागली नाही. भाऊबीज झाल्यावर उत्तर आलं, 'थँक यू, मॅनेजर सोमवारी येतायत, मग कळवते.' नोकरीचं नक्की काही नाही, नुसता एक वार पदरात पडला. आणि बावळट मुलगी सोमवारपर्यंत गप्प बसली!

तुम्ही बसू नका. तुम्हाला उत्तरादाखल नुसते जोडलेले हात आले, की त्यांचा स्क्रीनशॉट घरच्या ग्रुपवर टाका, मावशीला 'जवळजवळ झालंच' म्हणून कळवा, आणि तुळशीच्या लग्नासाठी नवी समई शोधायला घ्या.