वेबिलात दोन रुपये आणि पम्याच्या कथेची चिरफाड

काल संध्याकाळी कट्ट्यावर पम्याने कथा वाचली. दिवाळी अंकाला पाठवायची होती म्हणून आधी आमच्यासमोर. कथा साधी होती, कराड-पाटण रूटवरचा एक कंडक्टर, बावीस वर्षं सर्व्हिस, तिकिटाच्या ट्रेचा जमाना, रोज रात्री डेपोत कॅश भरताना हिशोब दोन रुपये कमी येतो. रोज दोनच. तो खिशातून भरतो, घरी जातो, झोप लागत नाही. शेवटी कळतं की तो नकळत एका आजीला रोज दोन रुपये जास्त परत देतोय कारण ती त्याच्या मेलेल्या आईसारखी दिसते.

वाचून झाल्यावर सर लगेच सुरू. सर म्हणजे आमचे मराठीचे प्राध्यापक, चहा गार होईपर्यंत बोलतात. "हे दोन रुपये म्हणजे माणसाच्या अपूर्णतेचं प्रतीक आहे, इथे नायकाचं अस्तित्वच शॉर्ट आहे..."

नाना मध्येच म्हणाले, "सर, दोन रुपये प्रतीक नसतात ओ. भरावे लागतात."

नाना एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होते आणि त्यातली बरीच वर्षं याच रूटवर, त्यामुळे मी तरी कान टवकारले. नानांनी बंड्याचा पेन घेतला आणि बिस्किटपुड्याच्या कागदावर आकडे लिहिले. सकाळी दोन रुपयांच्या गठ्ठ्यातलं वरचं तिकीट 340. रात्री वरचं तिकीट 375. मग विकली किती?

"छत्तीस," बंड्या म्हणाला. बोटं मोजून म्हणाला.

"झालास शॉर्ट. 375 अजून ट्रेमध्येच आहे ना रे? ते विकलंच नाही. 340 ते 374, पस्तीस तिकिटं, सत्तर रुपये. तू बहात्तर लावलेस. पिशवीत सत्तरच. आणि उद्या सकाळी तू त्याच 375 पासून सुरू करणार आणि संध्याकाळी परत शेवटचं धरून मोजणार. रोज एक तिकीट दोनदा विकतोयस. म्हणून रोज दोनच रुपये कमी."

सगळे गप्प. रोज सारखीच रक्कम चुकत असेल तर आधी नंबर बघायचा, नाना म्हणाले, माणसाच्या हातून जाणारे पैसे रोज वेगवेगळे जातात, आज दोन, उद्या पाच, परवा काहीच नाही. "पण ही चूक नवीन पोराची. पहिल्या आठवड्यात होते, कॅशवाला चार माणसांत झापतो, परत जन्मात होत नाही. तुझा माणूस बावीस वर्षांचा मुरलेला. त्याला आजी कशाला पाहिजे, शाळेत परत घाला."

पम्याचा चेहरा पडला. मला वाईट वाटलं पण नानांचं बरोबर होतं, आणि खरं सांगायचं तर ती आजी मलाही खटकलीच होती.

मग विक्या, जो कायम मोबाईलमध्ये असतो, म्हणाला की ही कथाच जुनी झाली, आता मशीन आहे, यूपीआय आहे, एक रुपया इकडचा तिकडे होत नाही. नाना म्हणाले, "पाटणच्या पुढे गाडी डोंगराला लागली की तुझा यूपीआय फिरत बसतो गोल गोल. पैसे गेल्याचा मेसेज माणसाला आला, तिकीट मशीनमधून आलं नाही, मागं चाळीस माणसं उभी. सांग, हिशोब कुठला धरायचा?" शिवाय मशीन फक्त तिकिटं मोजतं, पिशवीतली नाणी कुठे मोजतं? 2023 च्या मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट झालं, 2025 च्या जानेवारीत भाडं 14.95 टक्क्यांनी वाढलं, सुट्ट्यांची भांडणं तशीच आहेत. विक्याने सरळ विषय बदलून टपरीवाल्याकडे क्रीमरोल मागितला.

सर परत, "पण नाना, कमतरता हीच तर शोकांतिका..."

"कमी आले तर कसली शोकांतिका, खिशातून भरले की सुटला. शोकांतिका जादा आले की."

इथे खरी गोष्ट सुरू झाली असं मला वाटतं. नाना सांगत होते ते मी जमेल तसं लिहितो. चेकिंगवाले मधेच गाडी थांबवतात, वेबिल म्हणजे तिकिटांच्या हिशोबाचा कागद घेतात, त्या टप्प्यापर्यंत विकलेल्या तिकिटांची रक्कम काढतात आणि पिशवी मोजतात. कंडक्टरचे स्वतःचे पैसे ड्युटीच्या आधी लिहून दिलेले असतात, ते वजा. आता पिशवीत चार रुपये कमी निघाले तर चुकला बिचारा. पण चार रुपये जास्त निघाले तर? म्हणजे कुणाकडून तरी पैसे घेतले आणि तिकीट दिलं नाही. पहिला संशय तोच.

"आणि जादा येतात कुठून? सुट्ट्यातून. गर्दीत सुट्टे नसतात, आपण तिकिटाच्या मागे लिहून देतो, तीन रुपये, उतरताना घ्या. माणूस मल्हारपेठला पोरगं खांद्यावर, पिशवी हातात घेऊन उतरतो, विसरतो. त्याचे तीन रुपये माझ्या पिशवीत. मी चोरी केली नाही याचा पुरावा कुठंय? त्या तिकिटाच्या मागं. आणि तिकीट गेलं त्याच्या खिशातून गावाला."

पम्या एकदम सरळ बसला. मीसुद्धा. पुरावा दुसऱ्याच्या खिशात गावाला जातो, हे वाक्य ऐकून सर पण अर्धा मिनिट गप्प होते, हे मी मुद्दाम नोंदवतो.

मग करायचं काय, पम्याने विचारलं. नाना म्हणाले प्रत्येक मोठ्या थांब्याला ओरडायचं, सुट्टे कुणाचे राहिलेत, आणि रात्री जे उरेल ते जादा म्हणून भरून टाकायचं, ठेवायचं नाही. आणि चार दिवसांनी तो माणूस तेच चुरगळलेलं तिकीट घेऊन येतो, मास्तर माझे तीन रुपये. तेव्हा मात्र स्वतःच्या खिशातून द्यायचे, कारण ते पैसे तर केव्हाच डेपोत गेले. "म्हणजे एकाच तीन रुपयांसाठी आधी चोर ठरायची भीती आणि मग पदरचे पण जातात. ही लिही गोष्ट. आजी नको."

"रोज थोडे जादा येतात," पम्या पुटपुटत होता, "आणि तो रोज भरतोय..."

"...आणि एक दिवस भरत नाही," मी म्हणालो. नानांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुढचं बोललोच नाही.

तेवढ्यात बंड्या उठला. म्हणाला नाना एक मिनिट, कॉलेजात असताना तुमच्याच गाडीत, पाचची नोट दिली होती, तुम्ही मागे तीन लिहिलं, नवारस्त्याला मी झोपेत उतरलो. माझे तीन रुपये.

"तिकीट?"

"पॅन्टीत होतं, आईने धुतलं."

"मग पुरावा नाही. पुढे सरका, गाडीत गर्दी आहे."

नाना हे त्यांच्या ड्युटीच्या आवाजात म्हणाले आणि सगळा कट्टा फुटला. विक्याच्या नाकातून चहा आला. बंड्या शपथा घेतोय, वीस वर्षांचं व्याज लाव म्हणतोय, सर म्हणतायत की धुतलेलं तिकीट हे फार सशक्त प्रतीक आहे, आणि पम्या तेवढ्यात बिस्किटपुड्याचा तो कागद घडी घालून पेनासकट खिशात टाकत होता. नानांनी बघितलं आणि ओरडले, "अरे पेन बंड्याचा आहे तो, देऊन जा."