एमईआर ब्रेकइव्हनच्या वर आहे, एवढ्यावर बजेट वाढवू नका

ऑनलाइन दुकानदारांना एक सल्ला असा मिळतो: «मेटा आणि गुगल एकाच ऑर्डरचं श्रेय दोघंही घेतात, म्हणून त्यांचे डॅशबोर्ड बघणं सोडा. एकूण विक्री भागिले एकूण मार्केटिंग खर्च, म्हणजे एमईआर, हा एकच आकडा खरा. त्यात गडबड होऊच शकत नाही. तो ब्रेकइव्हनच्या, म्हणजे ना नफा ना तोटा या पातळीच्या, वर आहे तोवर बिनधास्त बजेट वाढवा. चॅनेलचे आकडे हवेच असतील तर सगळ्यांना सारखी कात्री लावा.»

दुहेरी मोजणीचा मुद्दा शंभर टक्के मान्य. एका गिऱ्हाइकाने रविवारी इन्स्टाग्रामवरच्या जाहिरातीवर क्लिक केलं, काही घेतलं नाही. गुरुवारी गुगलवर दुकानाचं नाव टाकलं, वर दिसलेल्या जाहिरातीवरून आत आली आणि १,८०० रुपयांची ऑर्डर दिली. विक्रीचं श्रेय घ्यायची मेटाची नेहमीची मुदत क्लिकनंतर ७ दिवस, गुगल अ‍ॅड्सची ३० दिवस. दोघांच्याही खात्यात १,८०० पडले, दुकानाच्या वहीत मात्र एकदाच. शिवाय गुगल अ‍ॅड्स ही विक्री ज्या दिवशी क्लिक झालं त्या दिवसावर टाकतं, त्यामुळे रोजचे आकडे जुळवत बसण्यातही अर्थ नाही.

पण «गडबड होऊच शकत नाही» हे चूक आहे. मी ज्या दुकानांचे हिशेब बघते त्यातल्या एकाच्या धर्तीवर, सोपे केलेले आकडे घेऊ. मेटाने विक्री दाखवली ९ लाख, गुगलने ८.५ लाख, बेरीज १७.५ लाख. दुकानाची एकूण विक्री १४ लाख आणि दोन्हीकडचा जाहिरात खर्च ४ लाख. एमईआर ३.५, मालक खूश. त्या १४ लाखांत जीएसटी होता, आणि कॅश ऑन डिलिव्हरीची दारातून परत आलेली पार्सलंही होती. ते वजा केल्यावर उरले १२ लाख. खर्चात एजन्सीची फी आणि इन्फ्लुएन्सरचे पैसे धरलेच नव्हते. ते धरल्यावर ५ लाख. तोच महिना, तेच दुकान, आणि एमईआर २.४. भागाकार कुणी चुकवला नव्हता. वर काय घ्यायचं आणि खाली काय घ्यायचं, हे आधी ठरवलेलं नव्हतं. ते एकदा लिहून ठेवा आणि मग दर महिन्याला बदलू नका.

आता सगळ्यात महाग पडणारा सल्ला: ब्रेकइव्हनच्या वर आहे तोवर वाढवा. माल, पॅकिंग, कुरिअर, पेमेंटचं कमिशन जाऊन या दुकानाला रुपयामागे ५० पैसे उरतात, म्हणून ब्रेकइव्हन एमईआर २. आपण २.४ वर आहोत म्हणून पुढच्या महिन्यात खर्च ५ चा ७ लाख केला. निव्वळ विक्री १२ वरून १४.६ लाखांवर गेली. एमईआर २.०९, अजूनही दोनच्या वर. पण वाढीव २ लाखांनी आणले फक्त २.६ लाख, म्हणजे रुपयाला १ रुपया ३० पैसे. आधी जाहिरात खर्च वजा जाता १ लाख उरत होते, आता ३० हजार. विक्री वाढली आणि ७० हजार गेले, तरी एमईआरने धोक्याची घंटा वाजवली नाही. कारण तो सरासरी आहे. जुनी गिऱ्हाइकं, तोंडी शिफारस, जाहिरात नसती तरी झालेली विक्री, हे सगळं त्या सरासरीला वर धरून ठेवतं. म्हणून वाढीव विक्रीला वाढीव खर्चाने भागा. तेही सारख्याच हंगामात. सप्टेंबरची तुलना दिवाळीच्या महिन्याशी केलीत तर श्रेय दिवाळीचं आणि नाव जाहिरातीचं.

राहिली सारखी कात्री. १७.५ चे १२ करायला दोघांना ०.६९ ने गुणलं की बेरीज छान जुळते, पण फुगवटा दोन्हीकडे सारखा नसतो. जिने दुकानाचं नावच टाइप केलं ती बहुतेकदा येणारच होती. ईबे या अमेरिकी ऑनलाइन बाजारपेठेने २०१२ मध्ये याहू आणि एमएसएन या सर्च इंजिनांवर स्वतःच्या नावाच्या शब्दांवरच्या जाहिराती थांबवल्या, तेव्हा गेलेल्या क्लिकपैकी ९९.५ टक्के क्लिक फुकटच्या निकालांतून परत आले. अर्थात ईबे सगळ्यांना ठाऊक होतं. तुमच्या नावावर प्रतिस्पर्धी बोली लावत असेल तर निकाल वेगळा येऊ शकतो. म्हणून आपल्याच दुकानात तपासा. आधीच्या दोन महिन्यांत विक्री एकसारखी चढ-उतार झालेल्या जिल्ह्यांचे दोन गट पाडा, एका गटात नावावरच्या जाहिराती चार आठवडे बंद ठेवा, आणि ऑर्डर डॅशबोर्डवर न मोजता दुकानाच्या वहीत पिनकोडप्रमाणे मोजा. आठवड्याला जिल्ह्यामागे पाच-दहाच ऑर्डर येत असतील तर फरक नुसत्या योगायोगानेही दिसेल. अशा वेळी मुदत वाढवा किंवा जिल्ह्यांऐवजी राज्यांचे गट घ्या.