सतरा तारीख उजाडली का?

परवा लिफ्टमध्ये, सहा माणसांदेखत, एका गृहस्थांनी मला विचारलं, "काय साहेब, उजाडली का तुमची सतरा तारीख?" त्या दिवशी बावीस होती. सहाजण हसले. त्यांतल्या चौघांना मी ओळखतही नाही, पण हसायला ओळख लागत नाही. मी चौथ्या मजल्याचा माणूस, दुसऱ्यावरच उतरलो आणि उरलेले दोन मजले जिन्याने चढलो. मनात या माणसाला द्यायची सात उत्तरं तयार होती. सगळी जिन्यात सुचली.

प्रकरण एवढंच. सहा तारखेला, सोमवारी, या गृहस्थांचं मीटिंगचं निमंत्रण आलं. बुधवार आठ, सकाळी अकरा, अर्धा तास. विषयाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'थोडं बोलायचं होतं'. माझ्या डोक्यावर एक अहवाल होता, सतरा तारखेला संध्याकाळी पाचपर्यंत द्यायचा, आणि त्याची तेव्हाची अवस्था म्हणजे अनुक्रमणिका उत्तम होती. तेव्हा भेट पुढे ढकलणं भाग होतं. चार ओळींचं काम. मला त्याला पाऊण तास लागला. तेवढ्यात ती भेट उरकून पंधरा मिनिटं शिल्लक राहिली असती, हे मला नंतर कोणीतरी दाखवून दिलं. ते कोणीतरी म्हणजे काका.

काका माझ्या शेजारच्या टेबलावर बसतात. निवृत्तीला दीड वर्ष उरलंय. उमेदीची वीस वर्षं त्यांनी आवक-जावक विभागात काढली आहेत, त्यामुळे जगात येणारा प्रत्येक कागद हा एकतर आवक असतो नाहीतर जावक, असं त्यांचं मत आहे. दुसऱ्याच्या स्क्रीनवरचं वाचू नये, हा संकेत त्यांच्या विभागात कधी आवक झालाच नसावा. माझा पहिला मसुदा त्यांनी खुर्ची जवळ ओढून, चष्मा कपाळावर चढवून, शांतपणे वाचला. अकरा ओळी होत्या. पहिल्या तीन ओळींत दिलगिरी, मग अहवालाचा जन्म, मग सहकाऱ्याची अचानक निघालेली रजा, मग पुन्हा दिलगिरी.

"हे उत्तर आहे की जबानी?" काका म्हणाले.

"अहो, त्यांना वाईट वाटू नये म्हणून..."

"त्यांनी तुला वेळ विचारली. तू त्यांना संसार सांगतोयस. आणि इतकी कारणं दिलीस की माणसाला वाटतं, यातलं एखादं तरी खोटं असणार."

मी आठ ओळी उडवल्या. उरलेलं असं दिसत होतं: 'आपला निरोप मिळाला. सध्या एका अहवालात पूर्ण अडकलो आहे. १७ तारखेनंतर नक्की भेटू.' मला ते फारच सुबक वाटलं. पोच होती, कारण होतं, तारीख होती. मी पाठवायच्या बटणावर बोट नेलं.

"थांब," काका म्हणाले. "सतरा कुठल्या वारी येते?"

"शुक्रवारी."

"शुक्रवारनंतर काय येतं?"

मी गप्प.

"शनिवार येतो. अजून तरी. म्हणजे तू त्या माणसाला शनिवारचं बोलावणं केलंस."

"असा कोणी अर्थ घेत नाही हो काका."

"तू कुठला घेतोस?"

इथे मी अडकलो. खरं सांगायचं तर माझ्या मनात 'सतरानंतर'चा अर्थ होता, सतरा आणि प्रलय यांच्या दरम्यान केव्हातरी. काकांनी तो माझ्या चेहऱ्यावर वाचला असावा.

"नंतर या शब्दाला मागे भिंत असते आणि पुढे मोकळं मैदान. तू भिंतीला टेकून बसणार आणि तो मैदानात तुझी वाट बघणार. आमच्याकडे कागद आला की आम्ही पोच द्यायचो. शिक्का, तारीख, सही. पोच म्हणजे कागद मिळाला, एवढंच. काम झालं असं नाही, होईल असंही नाही. वायदा हे वेगळं खातं. तू पोच आणि वायदा एकाच वाक्यात कालवलेस, आणि वायद्याला तारीखच नाही."

"आहे की, सतरा!"

"ती तुझ्या अहवालाची तारीख झाली. त्याच्या भेटीची कुठाय?"

मग त्यांनी एका जुन्या छापील कागदाच्या पाठीवर, शिस्तीच्या अक्षरात, मला उत्तर लिहून दिलं. तो कागद अजून माझ्या खणात आहे:

'आपलं ८ तारखेचं निमंत्रण मिळालं. १७ पर्यंत एका अहवालाचं काम आहे, त्यामुळे ८ ला येणं जमणार नाही. मंगळवार २१ ला दुपारी ३ किंवा बुधवार २२ ला सकाळी ११, अर्धा तास, यांपैकी सोयीची वेळ कळवा, निमंत्रण मी पाठवतो. त्याआधी काही अडत असेल तर दोन ओळींत लिहून पाठवा, उत्तर देतो.'

"सोमवार का नाही?" मी विचारलं. वीस तारीख मोकळी दिसत होती.

"सोमवार ही सतरा तारखेचीच शेपटी. अहवाल दिला म्हणजे संपला का? तो परत येतो. तू दहा जणांना सतरानंतर सांगितलं असशील, ते सगळे सोमवारी सकाळी दारात उभे. आणि हे पाठवायच्या आधी दोन्ही वेळा स्वतःच्या कॅलेंडरात अडवून ठेव. नाहीतर तिथे दुसराच कोणी येऊन बसेल, आणि तू या माणसाला पुन्हा नंतर सांगशील."

आता माझी चूक. मी काकांचं ऐकलं नाही. मला 'येणं जमणार नाही' हे कोरडं वाटलं. आपल्याला नाही म्हणायची लाज वाटते, म्हणून आपण 'नक्की' म्हणतो. ज्या गोष्टीची खात्री असते तिला हा शब्द लावायची गरजच पडत नाही. रेल्वेच्या वेळापत्रकात कुठे 'नक्की' लिहिलेलं नसतं, आणि गाडी उशिरा आली तरी त्यापुढे ९.४० असतं, 'नऊनंतर' नसतं. पण हे सगळं मी आज लिहितोय. त्या दिवशी मी माझ्याच सुबक तीन ओळी पाठवल्या, आणि निमंत्रणावर `Decline` दाबणं उद्धटपणाचं वाटलं म्हणून `Tentative` दाबलं.

हे बटण कोणी काढलं, त्याला एकदा भेटायचंय. (सतरानंतर.) मला वाटलं, याचा अर्थ 'नाही, पण प्रेमाने'. समोरच्याला त्याचा अर्थ दिसला, 'बहुतेक येतोय'. मीटिंग त्यांच्या कॅलेंडरात तशीच राहिली, माझ्याही राहिली. `Propose New Time` नावाची सोय त्याच मेनूत खाली होती, आणि तिच्यातही आधीची वेळ नाकारून नवी सुचवायची की नाकारल्याशिवाय सुचवायची, असे दोन पर्याय होते. हे मी पुढे वीस तारखेला पाहिलं. त्यांनी मीटिंगची खोली धरून ठेवली होती. बुधवारी अकराला ते तिथे जाऊन बसले. अकरा वाजून वीस मिनिटांनी माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाले, "तुम्ही येणार होतात ना?" मी मेल दाखवला. त्यांनी `Tentative` दाखवलं. दोघांकडे पुरावा होता. काका चष्मा पुसत होते, आणि तो स्वच्छच होता.

शनिवारी, अठरा तारखेला, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. "म्हटलं, सतरानंतर म्हणाला होतात." आवाजात उपरोधाचा लवलेश नव्हता, हे जास्त लागलं. मी विचारलं, फोनवर सांगण्यासारखं आहे का? "नाही, समोरासमोरच बोलू. थोडंच आहे." मी म्हणालो, सोमवारी बघू. म्हणजे बघा, एकदा पोळल्यावरही माझ्या तोंडून तारखेऐवजी 'बघू' निघालं.

सोमवारी अहवाल चौदा शेऱ्यांसह परत आला. आणि सतरानंतरची माणसंही आली. मोजली तर चार होती. मी इतक्या जणांना तेच वाक्य चिकटवलं होतं हे मला आठवतही नव्हतं, कारण लिहून कुठे ठेवलं होतं! चौघांना एकेक वेळ देता देता मंगळवार संपला, बुधवारची सकाळ संपली, आणि ज्याने सगळ्यात आधी विचारलं होतं तोच मागे राहिला. मग लिफ्ट.

बरं, माझी चूक मान्य. पण एक विचारू? 'थोडं बोलायचं होतं' या तीन शब्दांबद्दल त्या माणसाला कोणी लिफ्टमध्ये का नाही पकडत? विषय नाही, कागद नाही, किती अडलंय त्याचा पत्ता नाही. कळलं असतं की दोन मिनिटांचा प्रश्न आहे, तर मी आठ तारखेला उभ्या उभ्या उत्तर दिलं असतं. कळलं असतं की कोणाचं घोडं अडलंय, तर अहवालातून तास काढला असता. काही न सांगणाऱ्याला काय द्यायचं, अर्धा तास की अर्धा दिवस? पण रिवाज असा की मागणारा मोघम बोलला तर तो संकोची, आणि देणारा मोघम बोलला तर तो शेफारलेला. काकांच्या मसुद्यातल्या शेवटच्या वाक्याची किंमत मला जिन्यात कळली, तिसऱ्या मजल्याच्या आसपास.

त्याच दुपारी खणातला कागद काढला आणि जसाच्या तसा उतरवला, फक्त तारखा बदलून. शुक्रवार २४ ला दुपारी ३ किंवा सोमवार २७ ला सकाळी ११, अर्धा तास. दोन्ही वेळा आधी स्वतःकडे अडवल्या. जुनं निमंत्रण शोधून `Decline` केलं. दोन आठवड्यांपूर्वी होऊन गेलेल्या मीटिंगला नकार देणारा या इमारतीतला मी पहिलाच असेन. काकांनी वाचलं आणि मान हलवली. वीस वर्षांच्या शिक्क्यांचं वजन होतं त्या मानेत.

आज सकाळी त्यांचं उत्तर आलं. 'आपला निरोप मिळाला. सध्या मी जरा अडकलो आहे. ३१ नंतर नक्की भेटू.'

काकांनी खुर्ची जवळ ओढायच्या आत मी कॅलेंडर उघडलं. ३१ ला शुक्रवार आहे.