कंटाळ्याची सिगरेट आणि तलफेची लाट

सिगरेट सोडायला निघालेल्या माणसाला आपल्याकडे हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘मन दुसरीकडे वळव’. बडीशेप चघळ, पाणी पी, कुणाला तरी फोन लाव. व्यसनमुक्तीच्या कामात इतकी वर्षं काढल्यावर माझं स्पष्ट मत झालंय की जो माणूस कंटाळा आला म्हणून ओढतो, त्याला हा सल्ला फारसा उपयोगाचा नाही. रिकामा वेळ दिसला की त्यात काहीतरी कोंबायचं, ही तर त्याची मूळ सवय. सिगरेटच्या जागी बडीशेप आली, सवय तिथेच राहिली. बडीशेप संपली की पाय पुन्हा टपरीकडे.

माझा भाचा अंधेरीला एमआयडीसीत एका सपोर्ट डेस्कवर आहे. दुपारी चारच्या सुमाराला तक्रारींची तिकिटं येणं थांबतं, स्क्रीनवर काही हलत नाही, आणि हा खाली उतरतो. कटिंग आणि एक सुटी सिगरेट. (सुट्या सिगरेटच्या विक्रीवर महाराष्ट्रात 2020 पासून बंदी आहे. टपरीवर उभं राहून हे कुणाला सांगून बघा.) मी त्याला विचारलं, "आधीची कधी ओढली होतीस?" म्हणाला, "तीनला, मीटिंगनंतर." रक्तातलं निकोटिन निम्म्यावर यायला साधारण दोन तास लागतात. म्हणजे चार वाजता याच्या शरीरात त्याचा तुटवडा फारसा नव्हताच. चार वाजले, हात रिकामे, खुर्ची नकोशी, एवढ्या खुणा मेंदूला पुरल्या. म्हणून तलफ ओसरेपर्यंत तिच्याकडे नुसतं बघत बसण्याचा सराव सुरू करायचा तर याच सिगरेटपासून करावा असं मी सांगते. सकाळची पहिली अवघड असते, तिच्याबद्दल शेवटी.

सरावाचं नाव अर्ज सर्फिंग, इंग्रजीत ‘अर्ज’ म्हणजे तलफ. अ‍ॅलन मार्लाट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने ते रुजवलं. तलफ लाटेसारखी चढते, माथ्यावर येते आणि ओसरते, तिच्याशी झुंजू नका आणि तिच्यासोबत वाहूनही जाऊ नका, असं ते सूत्र. मुंबईत सर्फिंग कोण करतंय म्हणा. पण जुहूला गुडघाभर पाण्यात उभी असलेली पोरं बघा. लाट आली की पळत नाहीत, तिला ढकलत नाहीत, तिच्याबरोबर जराशी वर उचलली जातात आणि पुन्हा वाळूवर टेकतात. तलफेशी करायचं ते एवढंच.

भाच्याकडून पहिल्यांदा करून घेतलं ते फोनवर, तो जागेवरच बसलेला असताना. जागेवरच, कारण टपरीवर धूर नाकात जात असताना हा सराव नव्या माणसाने करू नये. तिथे दर क्षणाला नवी लाट उठते. आधी मी म्हटलं, तलफेला शून्य ते दहामध्ये आकडा दे. "सहा." आता ही सहा शरीरात नेमकी कुठे आहे ते शोध. त्यावर तो म्हणाला, "मावशी, डोक्यात आहे, अजून कुठे असणार?" सगळे हेच म्हणतात. मग हळूहळू सापडतं. जिभेच्या मागे तोंडाला पाणी सुटलेलं. उजव्या हाताची बोटं खिशाशी चाळवतायत. छातीच्या मधोमध काहीतरी ओढल्यासारखं. पाय आधीच खुर्चीबाहेर वळलेले!

यातली सगळ्यात ठळक जागा एक निवडायची. त्याने छाती निवडली. आता तिथे नेमकं काय होतंय ते बघायचं. दाब आहे की उष्णता? केवढ्या भागात? स्थिर आहे की हलतंय? श्वास नेहमीसारखाच चालू द्यायचा, मुद्दाम खोल घ्यायचा नाही. लक्ष भरकटलं की दोन-तीन श्वास नुसते बघायचे आणि पुन्हा छातीकडे यायचं. मध्येच मन वकिली करायला लागतं: ‘आज काम झालंय बरंच’, ‘एकानं काय होतंय’. त्याला उत्तर द्यायचं नाही. ‘हा विचार आला’ एवढी नोंद घेतली की पुरे.

काही श्वासांनी पुन्हा आकडा विचारला. "आठ. वाढतंय की!" बहुतेक जण इथेच उठतात, कारण ही अशीच चढत जाईल असं वाटतं. हाच माथा असू शकतो, बसून राहा, म्हटलं. मग सात झाला, पुन्हा आठ झाला (लाट एकसारखी उतरत नाही), मग पाच, आणि शेवटी तीन. बहुतेक तलफा काही मिनिटांत ओसरतात, पण हातात घड्याळ धरून बसू नका. ‘कधी जाणार, कधी जाणार’ असं बघणं म्हणजे झुंजणंच, आणि झुंजायला लागलात की आकडा उतरत नाही. मोबाईल बघत बसणंही यात मोडत नाही, ते मन वळवणंच झालं. आणि श्वासाकडे किंवा छातीकडे बघून कुणाला घाबरल्यासारखं होत असेल तर लक्ष तळपायांकडे न्या. तेवढ्यानेही काम होतं.

तीनवर आल्यावर भाचा म्हणाला, "पण कंटाळा अजून आहेच." कंटाळ्याने ओढणाऱ्यांची गोम इथेच आहे. लाट गेली तरी कंटाळा जागच्या जागी असतो, आणि माणूस समजतो की सराव फसला. फसलेला नसतो. तलफ आणि कंटाळा एकमेकांना चिकटून आलेले असतात, आपण फक्त तलफेवरून उतरलेलो असतो. आता कंटाळ्याकडेही त्याच नजरेने मिनिटभर बघायचं. भाच्याला तो खांद्यांत आणि डोळ्यांमागे सापडला. आठ तास एका खुर्चीत बसलं की येणारा साधा थकवा, दुसरं काही नाही. खाली उतरायची गरज खरी होती, सिगरेटची नव्हती. मग ऊठ, जिन्याने दोन मजले जाऊन ये, चहाही पी, पण टपरीच्या दुसऱ्या बाजूला उभा राहून. हे सगळं लाट ओसरल्यावर. आधी केलंत तर पुन्हा बडीशेपच झाली.

तलफच येऊ नये अशी अपेक्षा ठेवू नका. मार्लाट आणि सारा बोवेन यांनी 2009 मध्ये सिगरेट ओढणाऱ्या कॉलेजच्या मुलांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. हे तंत्र शिकलेल्या मुलांना तलफ इतरांइतकीच आली, पण पुढच्या सात दिवसांत त्यांनी सिगरेटी कमी ओढल्या. म्हणून भाच्याला मी ‘तलफ आली का’ असं विचारत नाही, ‘आली तेव्हा काय केलंस’ असं विचारते. आणि ओढलीच तर? मग पूर्ण लक्ष देऊन ओढ, मोबाईल खिशात ठेवून. चव, घशातली जळजळ, बोटांचा वास, सगळं नीट बघ. कंटाळ्याची सिगरेट कुणी नीट चाखलेलीच नसते. भाच्याने अर्धी टाकून दिली, ‘घाण लागते गं’ म्हणाला.

आता सकाळची पहिली. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत सिगरेट लागत असेल तर ते शरीराचं अवलंबित्व आहे, आणि तिथे नुसतं लाटेवर बसवणं मला अन्यायाचं वाटतं. अशांनी डॉक्टरांना विचारून निकोटिनचं च्युइंगगम किंवा पॅच घ्यावा. सोडल्यानंतरचे पहिले काही दिवस सगळ्यात जड जातात, तेव्हा औषध आणि हा सराव दोन्ही हाताशी हवेत. पाकिटावर छापलेला 1800-11-2356 हा क्विटलाइनचा नंबर मोफत आहे. भाच्याची चारची सुटली की त्याची सकाळची सोडवायला घ्यायची, असं आमचं ठरलंय, आणि त्यासाठी त्याला डॉक्टरांकडे जावं लागणार हे त्याला अजून फारसं पटलेलं नाही.